नाकाखाली सरकलेला मास्क

एप्रिल २०२१. करोनाची दुसरी लाट होती. इंदूरमध्ये एका रिक्षाचालकाचा मास्क नाकाखाली सरकला, म्हणून परदेशीपुऱ्यात दोन आरक्षकांनी त्याला भररस्त्यात खाली पाडून मारले. तो आजारी वडिलांकडे रुग्णालयात निघाला होता. बघ्यांपैकी कोणीतरी हे मोबाईलवर टिपले, चित्रफीत देशभर फिरली आणि दोघे निलंबित झाले. आपल्याच शहराची ही गोष्ट दिवाळीच्या अंकात मुद्दाम लिहीत आहोत.

त्या आरक्षकांच्या हाती निवडीला बरीच जागा होती. समज देता आली असती, दंडाची पावती फाडता आली असती, गर्दीचा ताण पाहून सोडूनही देता आले असते. मात्र मारणे ही त्यातली एक निवड नव्हतीच. कायदा बळाची मुभा देतो ती अटकेला होणारा विरोध मोडण्यापुरती. अटक झाल्यावरही माणूस पळून जाऊ नये यासाठी लागेल तेवढेच बंधन घालता येते, त्याहून अधिक नाही. तो उद्धट बोलला असे धरले, तरी उद्धटपणाला कायद्यात लाठीची शिक्षा नाही. काय घडले हे तपासण्याची खूणही सोपी आहे: माणूस आटोक्यात आल्यानंतर पडलेला प्रत्येक फटका शिक्षेचा असतो, आणि शिक्षा देणे पोलिसांचे काम नाही.

मग निलंबन झाले, म्हणजे न्याय झाला का? आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. आपल्याकडे ‘लाइन अटॅच’ किंवा ‘सस्पेंड’ ऐकले की लोक समाधानाने घरी जातात. पण निलंबन ही शिक्षा नसते. चौकशी होईपर्यंत माणसाला कामापासून दूर ठेवण्याची ती सोय आहे, आणि त्या काळात निर्वाहभत्ताही मिळतो. खरी विभागीय चौकशी पुढे बंद दाराआड चालते, आणि ती करणारेही त्याच खात्याचे असतात. नेमके यासाठीच प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली राज्य आणि जिल्हा स्तरावर स्वतंत्र तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितले. जिल्ह्यातल्या प्राधिकरणाचे प्रमुख निवृत्त जिल्हा न्यायाधीश असावेत, अशी त्यात अपेक्षा होती. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले. पण परदेशीपुऱ्यातली मारहाण रस्त्यावरची होती. तिथे साक्षीला होता तो एका नागरिकाचा मोबाईल.

त्या घटनेनंतर आठ महिन्यांनी, डिसेंबर २०२१ मध्ये इंदूरला पोलीस आयुक्तालय आले आणि जमावबंदीसारखे दंडाधिकाऱ्यांचे काही अधिकार पोलिसांकडे गेले. पूर्वी बाहेरचा एक डोळा असायचा, तो त्या जागी उरला नाही. म्हणून बाहेरच्या तपासणीची गरज आता अधिक आहे.

वाचकहो, अशी वेळ कोणावर आली तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जखमांची नोंद करून घ्या. ठाण्याने तक्रार घेतली नाही, तर ती लेखी स्वरूपात टपालाने वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पाठवा. तिथेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. मानवी हक्क आयोगाचे दारही उघडे आहे, मात्र घटनेला एक वर्ष उलटले की आयोग चौकशी करू शकत नाही.