फितरा ईदगाहच्या दारात नको, आधी द्या

ईदच्या सकाळची तयारी म्हटली की आपण कपडे, इत्तर आणि शीरखुर्म्यापासून सुरुवात करतो. खरे तर सुरुवात फितऱ्यापासून व्हायला हवी. तो नमाजाआधी द्यायचा असतो, कारण गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटावी हा त्यामागचा हेतू आहे.

आपल्याकडे बहुतेक जण हनफी मसलकाप्रमाणे गव्हाच्या हिशेबाने फितरा देतात. माणशी अर्धा साअ गहू किंवा त्याची किंमत. अर्ध्या साअचे वजन काही उलेमा १ किलो ६३३ ग्रॅम धरतात, काही २ किलो ४५ ग्रॅम. म्हणून दोन मशिदींत वेगळा आकडा ऐकू आला तर गोंधळू नये. आपल्या इमाम साहेबांनी सांगितलेला धरावा. खजूर किंवा मनुक्याच्या हिशेबाने पूर्ण साअ लागतो. ऐपत असलेल्यांनी तो जरूर द्यावा.

समजा घरात सहा माणसे आहेत: नवरा-बायको, तीन लहान मुले आणि आजी. मशिदीत माणशी ६० रुपये जाहीर झाले, तर ३६० रुपये होतात. साहिब-ए-निसाब बापावर स्वतःचा आणि लहान मुलांचा फितरा वाजिब आहे. बायको आणि आई यांचा त्यांच्या स्वतःच्या ऐपतीप्रमाणे. पण त्यांना सांगून घरचा कर्ता तोही देऊ शकतो. ईदच्या पहाटेपूर्वी जन्मलेल्या बाळाचाही धरावा.

आता वेळेचे पाहू. नगरच्या कापड बाजारात चाँदरातीपर्यंत दुकाने उघडी असतात, पण ईदच्या सकाळी ईदगाहच्या दारात हातावर ठेवलेल्या पैशांतून कुणाच्या मुलाचा सदरा येत नाही, दूधही मिळत नाही. रमजानमध्येच, निदान दोन-तीन दिवस आधी दिले तर ते कामी येते. राहून गेलाच तर माफ होत नाही. नंतरही द्यावाच लागतो. गरजू बहीण, भाऊ, मावशी, आत्या यांना देता येतो. आईवडील आणि स्वतःच्या मुलांना नाही.

हे उरकले की सकाळ मोकळी होते. फजरनंतर गुस्ल, असतील त्यांतले चांगले कपडे, इत्तर, विषम संख्येत खजूर, आणि हळू आवाजात तकबीर म्हणत ईदगाहकडे. या नमाजाला अजान नाही, इकामत नाही. दोन रकातींत सहा जादा तकबिरी आहेत. खुतबा नंतर असतो, तो ऐकल्याशिवाय उठू नये. परतताना दुसरी वाट धरावी.

मग थोरांना सलाम, मुलांना ईदी, शेजारीपाजारी शीरखुर्मा. ज्या घरी फितरा दिला, त्या घरीही जावे. पैशाचा विषय न काढता बसावे आणि त्यांनी दिलेली वाटी रिकामी करून यावे.