'बाहेरची' म्हणजे कोण? : आई-बाबांना पत्र

आई, बाबा, जय भीम.

फोनवर हा विषय निघाला की आई रडते आणि बाबा फोन ठेवून देतात, म्हणून आम्ही दोघं मिळून लिहितो आहोत. आम्ही लग्न करणार आहोत. ती मातंग समाजातली, आपण बौद्ध. तुम्ही तिला 'बाहेरची' म्हणता. आमचं भांडण या एका शब्दाशी आहे.

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवलं की जातीचा प्राण जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. वरच्यांनी आधी स्वतःला कोंडून घेतलं आणि खालच्यांनी त्यांची नक्कल केली. बाबा, ती नक्कल आज आपल्या घरात चालली आहे. १ ऑगस्टला तुम्ही अण्णाभाऊंच्या फोटोला हार घालता, मातंग वस्तीतल्या कार्यकर्त्यांसोबत एका पंगतीत जेवता. पण १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनीच सांगितलं आहे की सहभोजनाने जात मरत नाही, त्यासाठी आंतरजातीय लग्नंच हवीत. आपण सोपं तेवढं घेतलं.

आईचा प्रश्न मात्र आम्हाला खरा वाटतो: शिकलेली पोरं बाहेर लग्न करतात, मग आपल्या पोरींनी काय करायचं? नोकरी लागली की सवर्ण सासर शोधायचं, या प्रकाराला आमचाही विरोध आहे. पण इथे वरची पायरी कुठे आहे? आणि ताईने उद्या मातंग मुलगा पसंत केला तर तुम्ही हो म्हणाल का? नाही म्हणणार असाल, तर काळजी पोरींची नाही, जातीची आहे.

बाबांनी तोडगा काढला, तिने आधी दीक्षा घ्यावी. तिला धम्म पटला तर ती घेईल. पण धम्म म्हणजे आपल्या उंबरठ्यावरचा टोलनाका नव्हे. शिवाय दीक्षेनंतर तिची जात विसरली जाईल का? बौद्ध स्थळ बघतानाही 'मूळचे कोण' हे आपल्याकडे विचारतातच की.

म्हणून लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने करू. त्यात दोघांपैकी कुणालाच धर्म बदलावा लागत नाही. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिली की ती ३० दिवस कार्यालयात लावलेली असते. काका हरकत घ्यायला जाणार आहेत असं कळलं. त्यांना सांगा, हरकत चालते ती आधीचा जोडीदार हयात असेल, वय कमी असेल, जवळचं नातं असेल किंवा मानसिक स्थितीमुळे संमती देता येत नसेल तर. जात आणि आईवडिलांची नाराजी ही कारणं त्यात नाहीत. आंतरजातीय विवाहाच्या सरकारी अनुदानाचंही कुणी बोलू नये. आम्ही दोघंही अनुसूचित जातीचे, त्यामुळे आमचं लग्न त्या योजनेत बसत नाही. सरकारच्या लेखी आपण एकच आहोत. वेगळे आहोत ते फक्त तुमच्या लेखी.

नोटीस पुढच्या सोमवारी देतो आहोत. लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. दोन मित्र तयार आहेत. तिसऱ्याची जागा बाबांसाठी ठेवली आहे.

तुमची,
दोघं