खातं बदललंय, सर!

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय जरा रुक्ष आहे, पण आपल्या गोतावळ्यात अर्धी मुलं परदेशात आणि त्यांची घरं इकडे भाड्याने, तेव्हा उपयोगी पडेल.

आम्ही दोघं वाशीमला ज्या घरात भाड्याने राहतो त्याचा मालक माझाच विद्यार्थी. जूनमध्ये तो नोकरीसाठी सहकुटुंब न्यू जर्सीला गेला. भाडं दरमहा 7,000 रुपये, मी ते त्याच्या इथल्या बचत खात्यात टाकत असे. डिसेंबरात एके रात्री व्हॉट्सअॅपवर निरोप आला: "सर, नमस्कार. खातं बदललंय. या महिन्यापासून भाडं खालील NRO खात्यात टाकावे." खाली खाते क्रमांक आणि बँकेचा कोड. बस्स!

मी पैसे टाकले नाहीत. दुसऱ्या दिवशी रात्री आठला (तिकडे सकाळचे साडेनऊ) त्याला फोन लावला. त्या निरोपाला उत्तर म्हणून नाही, तर माझ्या वहीत लिहून ठेवलेल्या त्याच्या नंबरवर. त्याला जरा लागलंच. "सर, मीच पाठवलंय ना! माझ्यावर विश्वास नाही का?"

अरे बाबा, तुझ्यावर आहे, निरोपावर नाही. व्हॉट्सअॅपचा सहा आकडी कोड कुणी फसवून काढून घेतला की त्याच नंबरावरून, त्याच फोटोसकट दुसराच माणूस बोलू शकतो. मग मी त्याला ओएनजीसीची गोष्ट सांगितली. 2015 सालची. कंपनीने सौदीच्या आरामकोला नाफ्था विकला होता, पैसे यायचे होते. मध्येच भामट्यांनी ongc.co.in ऐवजी ognc.co.in अशा पत्त्यावरून आरामकोला कळवलं की आमचं खातं बदललंय. दोन अक्षरांची अदलाबदल! सुमारे 197 कोटींचं हे प्रकरण मुंबई पोलिसांकडे गेलं. शुद्धलेखन तपासण्यात हयात गेली माझी, पण घाईत मीही ते वाचून पुढे गेलो असतो हे कबूल करतो. एवढ्या मोठ्या कंपन्यांचं असं होतं, तर सात हजारवाल्या भाडेकरूची काय कथा?

मुळात पैसे पाठवताना कित्येक वर्षं बँक फक्त खाते क्रमांक बघायची. नाव आपण काहीही लिहिलं तरी रक्कम त्या क्रमांकावर जमा. "नाव तर बरोबर लिहिलं होतं हो" या म्हणण्याला काही अर्थ नसे. रिझर्व्ह बँकेने 30 डिसेंबर 2024 ला परिपत्रक काढलं आणि एनईएफटी, आरटीजीएससाठी खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नाव पैसे पाठवण्याआधी दाखवण्याची सोय 1 एप्रिल 2025 पर्यंत करायला बँकांना सांगितलं. शाखेत जाऊन पैसे पाठवणाऱ्यांनाही ती आहे, आणि फुकट आहे. आमच्या शाखेतल्या मुलीने क्रमांक टाकला, पडद्यावर विद्यार्थ्याचं पूर्ण नाव आलं, वडिलांच्या नावासकट. तरीही मी आधी एकच रुपया पाठवला आणि पुन्हा फोन केला. "आला सर, एक रुपया आला," म्हणून तो हसत सुटला. हसू दे. नाव जुळलं तरी खातं त्याच्याच हाती आहे ना, हे त्या रुपयाने कळतं.

आता दुसरा भाग. खातं बदललंच का? परदेशी नोकरीला गेलेल्या माणसाला इथलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. परकीय चलनाच्या नियमांप्रमाणे ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं रुपयातलं खातं करून घ्यावं लागतं. भाडं, पेन्शन अशी इथली मिळकत सहसा त्यातच जमा होते. म्हणजे कारण अगदी खरं होतं. पण ती तीन अक्षरं माझ्या दृष्टीने निराळंच काही सांगत होती, आणि ते त्याने लिहिलं नव्हतं. त्यालाही ठाऊक नव्हतं!

अकोल्याचे एक सी.ए. स्नेही म्हणाले, "सर, मालक अनिवासी झाला, आता भाड्यातून कर तुम्ही कापायचा." मालक इथेच राहत असता तर माझ्यासारख्याला महिना 50,000 च्या वर भाडं असल्याशिवाय काही कापावं लागलं नसतं. अनिवासी मालकाला मात्र अशी खालची मर्यादाच नाही, पहिल्या रुपयापासून कपात. 1961 च्या कायद्यात हे कलम 195 होतं; 2025 च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, ही कपात राहिली. दर 30 टक्के, त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 31.2. सात हजारांवर 2,184 रुपये. त्याच्या खात्यात 4,816 जायचे आणि उरलेले मी सरकारात भरायचे, पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत. त्यासाठी मला पॅनखेरीज टॅन नावाचा वेगळा क्रमांक काढायचा, दर तिमाहीला विवरण द्यायचं, त्याला दाखला द्यायचा. आणि कापला नाही तर व्याजासह वसुली माझ्याकडून. खातं जुनं होतं तेव्हाचंही सुटत नाही, कारण कपात ठरते ती मालक कुठे राहतो यावर. मागच्या महिन्यांचा कर व्याजासकट भरावा लागला तो त्यामुळेच.

गंमत पुढेच आहे. त्याचं वर्षाचं भाडं 84,000. कायदा त्यातून दुरुस्ती वगैरेपोटी 30 टक्के वजावट देतो, उरतात 58,800. इथे दुसरी मिळकत नसेल तर हे करपात्र मर्यादेच्या कितीतरी खाली. म्हणजे वर्षभर मी 26,208 रुपये कापून भरायचे आणि त्याने विवरणपत्र भरून ते सगळे परत मागायचे! कमी दराने कापण्याचा दाखला आयकर विभागाकडून मिळतो, पण तो अर्ज मालकाने करायचा असतो. माझं स्पष्ट मत आहे की लहान भाड्याला यातून सूट हवी. सत्तरी ओलांडलेल्या भाडेकरूला सरकारचा बिनपगारी कारकून करण्यात कुणाचं भलं होतंय?

पण सूट मिळेपर्यंत जबाबदारी घरमालकाचीही आहे. दोन ओळींचा निरोप पुरत नाही. आमच्या विद्यार्थ्याने आता रीतसर पत्र पाठवलंय. त्यात जुन्या खात्याचे शेवटचे चार आकडे, नवं खातं, कोणत्या महिन्याच्या भाड्यापासून, तो कधीपासून अनिवासी आहे, कर कापून भाडं मिळाल्यास ते पूर्ण भाडं धरलं जाईल आणि खाली सही. ते पत्र मी भाडेकराराला टाचणीने लावून ठेवलंय. हे शेवटचं कलम फार महत्त्वाचं बरं का. नाहीतर उद्या तोच म्हणायचा, सर, दर महिन्याला भाडं कमी का देता?

सौ. म्हणाल्या, "एवढा कुटाणा कशाला, आधीसारखं टाकायचं ना." शेजारचे तर सांगत होते की सगळे असंच देतात, कोण विचारतं बाप्पा! असो. टॅनचा अर्ज भरताना पोराने एकदाही कटकट केली नाही, तिकडून फोनवर एकेक रकाना वाचून दाखवत होता. कमी कपातीच्या दाखल्याचा अर्ज तो आता करणार आहे. तोवर दर महिन्याला 4,816 त्याला, 2,184 सरकारला. आणि त्या एका रुपयाचं काय करायचं, ते पुढच्या भाड्यातून वळतं करू का, असं विचारलं तर म्हणतो, "राहू द्या सर, गुरुदक्षिणा उलटी झाली समजा."