नकाराला दिलेले उत्तर

पक्षाघातानंतर माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि तिसऱ्या आठवड्यात माकडहाडापाशी कातडी लाल दिसू लागली. मुंबईतील एका परिचित डॉक्टरबाईंना मी पत्र लिहिले, की आठवड्यातून एकदा भुईगावला येऊन त्यांना तपासावे. त्यांनी नकार दिला. रुग्णालय सोडून इतक्या दूर नियमित येणे शक्य नाही, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात स्पष्ट केले. त्यापुढे मात्र दोन पाने मजकूर होता.

दर दोन तासांनी कूस बदलावी. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून उशी पोटऱ्यांखाली घ्यावी. लाल जागा चोळू नये, बोटाने दाबून पाहावी. दाबल्यावर ती फिकट झाली, तर कातडी अजून सावरू शकते; लालच राहिली, तर व्रणाची सुरुवात समजून त्या जागी मुळीच भार देऊ नये आणि जवळच्या डॉक्टरांना दाखवावे. सावळ्या कातडीवर लाली नेहमी दिसत नाही, म्हणून ती जागा भोवतालापेक्षा उष्ण वा कठीण लागते का, हेही पाहावे.

आभाराचे पत्र मी आठ दिवसांनी लिहिले. लगेच लिहिले असते, तर सांगण्यासारखे काहीच नव्हते. पहिला मसुदा फसला. त्यात अर्धे पान आमची ओढाताण होती आणि शेवटी, 'कधी या बाजूला येणे झाले तर' असे वाक्य होते. नणंदबाईंनी ते वाचून विचारले, ''वहिनी, हे आभार आहेत की पुन्हा विनंती?'' खरेच, ते वाचून डॉक्टरबाईंना दुसऱ्यांदा नकार कळवावा लागला असता. ते वाक्य खोडले, ओढाताणही गाळली. उरले ते असे:

''आदरणीय डॉक्टरबाई, आपले पत्र मिळाले. आपणांस येणे शक्य नाही, हे समजले. उशी पोटऱ्यांखाली घेण्याची सूचना आम्हांला ठाऊक नव्हती. आम्ही ती टाचांखालीच ठेवत होतो. रात्री मी आणि नणंदबाई आळीपाळीने कूस बदलतो. माकडहाडाची जागा दाबल्यावर आता फिकट होते, लालीही ओसरते आहे. येथील डॉक्टरांनी परवा पाहिले. एवढा वेळ काढून आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. या पत्रास उत्तराची अपेक्षा नाही.''

सोबत आमच्या वसईच्या सुकेळ्यांची पुडी धाडावी, असे यजमानांचे म्हणणे होते. मी नको म्हटले. नकार देणाऱ्याच्या हाती भेट ठेवली, तर तिला ओशाळल्यासारखे होते. सुकेळी घरीच राहिली. सासूबाईंना गिळणे अजून जड जाते, तेव्हा ती आम्हीच खाल्ली.