ओळख दोन महिन्यांची, लिहायचे पाच वर्षांची?



गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ऑफिसात एका खलाशाच्या कर्जाच्या फॉर्मवर आम्ही सही दिली नाही, त्यावरून जेटीवर कुजबुज चालली आहे. "एवढीशी सही, यांचे काय जात होते?" असे आपलेच काही जण म्हणतात. म्हणून काय झाले ते सांगतो.

मुलगा चांगला आहे, हे आधी सांगून टाकतो. १ ऑगस्टला बंदी उठली तेव्हा तो एका सभासदाच्या ट्रॉलरवर नवीन लागला. बर्फ चढवतो, जाळे ओढतो, कोणाशी भांडण नाही. ऑक्टोबरात त्याला हप्त्यावर मोटरसायकल घ्यायची होती. फायनान्सच्या फॉर्मवर ओळख देणाऱ्या दोघांचे नाव, पत्ता, मोबाईल आणि "किती वर्षांपासून ओळखता" असा रकाना होता. एजंट सोबतच होता. तो म्हणाला, "पाच वर्षे लिहा, नुसती फॉर्मॅलिटी आहे."

आता एजंटाला गाडी विकली की कमिशन मिळते, हप्ते कोण भरतो याच्याशी त्याला देणेघेणे नाही. आम्ही मुलाला दोन महिने ओळखतो. त्याचे घर पाहिलेले नाही. आधी कुठे कामाला होता ते तांडेलालाही नीट माहीत नाही. मग पाच वर्षे कुठून आणायची?

ओळख देणारा आणि जामीनदार यांत फरक आहे, हेही खरे. नुसती ओळख दिली म्हणून कर्ज आपल्या अंगावर येत नाही. जामीनदाराचे मात्र तसे नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर, कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. बँक थेट त्याच्याकडे येऊ शकते, आणि ते कर्ज त्याच्या सिबिलमध्येही दिसते. उद्या स्वतःच्या इंजिनासाठी कर्ज मागायला गेलात की तिथे अडते.

घोटाळा होतो तो इथे. "फक्त ओळख" म्हणून कागद पुढे सरकवतात आणि सही जामीनदाराच्या जागी घेतात. ओळखायचे कसे? ओळख देणाऱ्याकडे नाव-नंबराच्या पलीकडे सहसा काही मागत नाहीत. पॅन कार्ड, फोटो, कोरा चेक, स्टॅम्प पेपरवर सही किंवा मोबाईलवर आलेला ओटीपी मागितला, की हात मागे घ्या. जामीनदार, हमीदार, सहकर्जदार यांतला एक जरी शब्द सहीजवळ दिसला तरी तेच.

नुसत्या ओळखीचाही त्रास असतोच. आपल्याच एका सभासदाने मागे असा नंबर दिला होता. १ जूनला बंदी लागली, बोटी वर आल्या, खलाशी गावी गेला. हप्ता चुकला, त्याचा फोन बंद. मग वसुलीवाल्यांनी सभासदाला दिवसातून दहा-दहा फोन केले. ते चुकीचेच होते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या परिपत्रकात बँका आणि फायनान्स कंपन्यांना स्पष्ट बजावले आहे की कर्जदाराच्या घरच्यांना, मित्रांना आणि ओळख देणाऱ्यांनाही छळायचे नाही. पण परिपत्रक हातात धरून कोण दर्यावर जातो? त्या माणसाने शेवटी नंबरच बदलला.

तरीही आमच्या मते खरा मुद्दा फोनचा नाही. सोसायटीच्या शिक्क्याला बँकेत थोडीफार किंमत आहे, कारण आजवर आम्ही माहीत तेवढेच लिहिले. दोन महिन्यांची ओळख पाच वर्षांची केली, तर वीस वर्षे इथे राबणाऱ्या तांडेलाच्या चिठ्ठीलाही तोच भाव येईल.

नाही म्हणणे सोपे नव्हते. मुलगा मान खाली घालून उभा होता. "बघू, उद्या ये" म्हणून त्याला चार दिवस फिरवणे आम्हाला जास्त वाईट वाटले. म्हणून एजंटाला बाहेर बसवले आणि मुलाला सांगितले, "बाबा, तुझ्यावर राग नाही. तुला ओळखतो तेवढेच लिहून देऊ शकतो." आणि चिठ्ठी दिली: "सदर इसम ऑगस्टपासून आमच्या सभासदाच्या बोटीवर खलाशी म्हणून काम करतो. या काळात त्याच्याविरुद्ध तक्रार आलेली नाही. त्यापूर्वीची माहिती आम्हास नाही. ही चिठ्ठी जामीन नव्हे." खाली तारीख घातली, आणि एक प्रत फाईलला ठेवली.

भाड्याच्या खोलीसाठी कोणी आले तरी हीच चिठ्ठी मिळेल. घरमालकाने बोटमालकाला विचारावे, तो रोज पाहतो.

एजंटाने चिठ्ठी वाचली आणि "याचा काय उपयोग" म्हणून परत केली. मुलाने ती घडी घालून खिशात ठेवली. परवा कळले, गावच्या मामाचा आणि आधीच्या बोटमालकाचा नंबर देऊन त्याने फॉर्म भरला.