गिधाडे सोडण्याआधी तबेले तपासा

तानसाच्या जंगलात गिधाडे आणून सोडावीत, ही गेल्या अंकातील वाचकाची सूचना मोहात पाडणारी आहे. पण गिधाडे जंगल नसल्यामुळे संपली नाहीत. ती मेलेल्या गुरांतल्या डायक्लोफेनॅकने संपली. या वेदनाशामकाने त्यांचे मूत्रपिंड निकामी होते. शंभरांत एखादे मढे विषारी निघाले तरी थवा घटत जातो, कारण एकाच मढ्यावर कित्येक पक्षी जेवतात.

गुरांसाठी हे औषध 2006 मध्ये बंद झाले. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या मात्र गोठ्यात पोहोचत राहिल्या, म्हणून 2015 मध्ये कुपी 3 मिलिलिटरची झाली. गिधाडांना तशाच घातक केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवर गुरांसाठी बंदी यायला 2023 उजाडले.

ताडोबात 2024 च्या जानेवारीत पिंजोरहून दहा पांढऱ्या पाठीची गिधाडे आणली, महिनोन्‌महिने पिंजऱ्यात रुळवली, पाठीवर ट्रान्समीटर बांधून सोडली. त्यातले एक थेट तमिळनाडूपर्यंत गेले आणि तिथे विजेच्या धक्क्याने मेले. पक्ष्याला अभयारण्याची हद्द कोण सांगणार?

तानसाहून भिवंडीचे तबेले त्याला हाकेच्या अंतरावर. म्हणून आधी तालुक्यातल्या मेलेल्या गुरांच्या यकृताचे नमुने तपासावेत, औषधविक्रेत्यांकडे या औषधांऐवजी मेलॉक्सिकॅम मिळते का ते पाहावे. पिंजऱ्याची जागा त्यानंतर शोधता येईल.

— एक वाचक, भिवंडी