भरलेलं कपाट आणि सापडणारी वस्तू



'दुकान' हा पाठ आला की आपण मुलांना दुकानाचं चित्र दाखवतो आणि विचारतो, "कोणती मांडणी छान?" मुलं गच्च भरलेल्या कपाटाकडे बोट दाखवतात. माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. मांडणी भरलेली दिसणं आणि वस्तू पटकन सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना गुणही वेगवेगळे द्यायला हवेत.

एक उदाहरण घेऊ. एकाच किराणा दुकानातल्या रॅकचे दोन फोटो आहेत, 'अ' आणि 'ब'. रॅकला चार फळ्या आहेत आणि प्रत्येक फळीवर बारा वस्तू मावतात, म्हणजे एकूण ४८ जागा. 'अ' फोटोत ४५ जागा भरल्यात, पण साबण, मसाले, बिस्किटं सगळं मिसळलेलं आहे. 'ब' फोटोत ३६ जागाच भरल्यात, पण मसाले एका फळीवर आणि साबण दुसऱ्या फळीवर आहेत. भरलेपणात 'अ' सरळ पुढे आहे.

आता पाच मुलांना 'अ' मध्ये हिंगाची डबी शोधायला सांगा आणि घड्याळ लावा. समजा ९, १४, २१, २६ आणि ३० सेकंद लागले, तर मधली संख्या २१. 'ब' साठी दुसरी पाच मुलं घ्या, कारण पहिल्यांना आता डबी कशी दिसते ते कळलेलं असतं. त्यांची मधली संख्या ६ आली, तर शोधण्यात 'ब' जिंकला. सरासरीपेक्षा मधली संख्या बरी, कारण एखादं मूल फारच अडकलं तरी निकाल बिघडत नाही.

फोटो मात्र फसवतो. तिरका काढला की पुढच्या पुड्यांमागे मोकळ्या जागा लपतात. दुकानदार माल पुढे ओढून ठेवतात, त्यामुळे मागे काही नसलं तरी फळी भरलेली दिसते. म्हणून दोन्ही फोटो समोरून, तेवढ्याच अंतरावरून आणि तेवढ्याच उंचीवरून काढावेत. मागे किती माल आहे ते फोटोवरून सांगता येत नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगावं.

मग चांगली मांडणी कोणती? ते दुकानावर ठरतं. कर्जत किंवा खोपोलीच्या बाजारात गल्ल्याच्या अलीकडे उभं राहून आपण "काका, हिंग द्या" म्हणतो. शोधायचं काम काका करतात. तिथे भरलेलं कपाट गिऱ्हाईकाला 'इथे सगळं मिळतं' एवढं सांगतं, आणि ते पुरतं. पण टोपली घेऊन आपणच फिरायचं अशा दुकानात २१ सेकंद फार होतात. हिंग दिसला नाही तर गिऱ्हाईक तो न घेताच निघतं.

म्हणून मुलाने 'अ' म्हटलं की लगेच चूक-बरोबर करू नका. आधी विचारा, "या दुकानात वस्तू शोधतं कोण?"